झोपेतून उठलेला जॉब आणि साठ्याचे ३७ चुकीचे आकडे

गोदामातल्या साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या एका प्रणालीत ३७ वस्तूंचे आकडे चुकले होते, आणि ते कळायला तीन दिवस गेले. एका वस्तूचा साठा उणे दिसायला लागला, म्हणून कुणीतरी तक्रार केली, म्हणून आम्ही शोधायला बसलो. जॉब दोन वर्करवर चालायचा. दोघांच्याही लॉगमध्ये त्या रात्रीच्या फेरीपुढे ‘काम पूर्ण’ अशीच नोंद होती. लॉक होतं, लीज होती, लीजचं नूतनीकरण होत होतं. कागदावर सगळं ठीक होतं.

आधी जॉब काय करायचा ते सांगतो. दर दहा मिनिटांनी तो आवक-जावकीच्या नव्या नोंदी वाचायचा, ज्या वस्तूंमध्ये बदल झालाय त्यांचा एकूण साठा मेमरीत नव्याने काढायचा आणि पाचशे-पाचशे वस्तूंच्या गठ्ठ्यांनी `stock_total` या टेबलात लिहायचा. शेवटी ‘इथपर्यंतच्या नोंदी झाल्या’ अशी खूण पुढे सरकवायचा. लॉकचं टेबल वेगळ्या पोस्टग्रेसमध्ये होतं, कारण तिथे इतरही बऱ्याच जॉबची लॉकं राहायची. लीज ३० सेकंदांची होती आणि एक वेगळा थ्रेड दर दहा सेकंदांनी ती वाढवायचा. ज्याच्याकडे लीज तोच काम करणार आणि तो मेला तर ३० सेकंदांत दुसरा पुढे येणार, एवढा साधा करार होता.

त्या रात्री २:१०:०३ ला पहिल्या वर्करने नोंदी वाचल्या. चार हजार वस्तू, म्हणजे आठ गठ्ठे. २:१०:१८ ला लीज शेवटची वाढली, म्हणजे आता ती २:१०:४८ पर्यंत होती. तीन गठ्ठे लिहून झाले आणि २:१०:२१ ला ज्या यजमान मशीनवर या वर्करचा व्हीएम होता, तिथे स्नॅपशॉट सुरू झाला. व्हीएम ५२ सेकंद गोठला. लीज संपली, २:१०:४९ ला दुसऱ्या वर्करने लॉक घेतलं, नोंदी ताज्या वाचल्या, सगळे आठ गठ्ठे लिहिले, खूण पुढे सरकवली आणि २:११:०९ ला लॉक सोडून दिलं. इथपर्यंत यंत्रणा अगदी ठरल्याप्रमाणे वागली. मग २:११:१३ ला पहिला वर्कर जागा झाला. आपण झोपलो होतो हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने चौथा गठ्ठा लिहायला घेतला आणि सहा सेकंदांत उरलेले पाचही गठ्ठे, २:१०:०३ च्या वाचनावर काढलेले जुने आकडे, नव्या आकड्यांवर लिहून टाकले.

त्या अडीच हजार वस्तूंपैकी ज्यांची दोन्ही वाचनांच्या मधल्या वेळात आवक-जावक झाली होती, त्या ३७ चुकल्या. बाकीच्यांचे जुने आणि नवे आकडे सारखेच होते, म्हणून तिथे काही दिसलं नाही.

खरी गंमत पुढेच आहे. पहिल्या वर्करने शेवटी आपली जुनी खूणही लिहिली असती, तर पुढच्या फेरीने त्या मधल्या नोंदी पुन्हा वाचल्या असत्या आणि आकडे आपोआप दुरुस्त झाले असते. पण कधीतरी कुणीतरी शहाणपणाने ती ओळ `GREATEST` वापरून लिहिली होती, खूण मागे जाऊ नये म्हणून. खूण मागे गेली नाही. त्यामुळे त्या वस्तूंची पुढची हालचाल होईपर्यंत चुकीचे आकडे तसेच राहिले. आमच्याच एका खबरदारीने दुसरी चूक झाकून टाकली होती.

शोधताना सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पहिल्या वर्करच्या लॉगने. ५२ सेकंदांची पोकळी तिथे दिसायला हवी होती. ती नव्हतीच. काही हायपरवायझरवर व्हीएम थांबवला की आतलं घड्याळही त्याच्यासोबत थांबतं. वर्करच्या दृष्टीने २:१०:२१ नंतर लगेच २:१०:२२ वाजले. पुढे केव्हातरी वेळ जुळवली गेली तेव्हा लॉगमधल्या वेळेने एकदम उडी मारली, पण ती जॉब संपल्यानंतर, दुसऱ्याच कुठल्यातरी ओळींच्या मध्ये. शेवटी पुरावा मिळाला तो डेटाबेसच्या लॉगमध्ये. तिथे प्रत्येक क्वेरीपुढे सर्व्हरची वेळ आणि कनेक्शनचा क्रमांक होता. त्या एका कनेक्शनच्या तिसऱ्या आणि चौथ्या गठ्ठ्याच्या मधे ५२ सेकंद स्वच्छ दिसत होते, आणि त्याच ५२ सेकंदांत दुसऱ्या कनेक्शनचे आठ गठ्ठे. असा संशय आला, तर थांबलेल्या प्रक्रियेचा लॉग आधी वाचू नये. ज्याच्याकडे ती लिहायला जाते त्याचा वाचावा.

बैठकीत पहिली सूचना आली ती लीज पाच मिनिटांची करण्याची. त्याने ही घटना दुर्मिळ झाली असती, एवढंच. व्हीएम सहा मिनिटं गोठला की पुन्हा तेच. आणि रोजच्या खऱ्या अडचणीत, म्हणजे वर्कर सरळ मरतो तेव्हा, दुसऱ्याला पाच मिनिटं ताटकळावं लागलं असतं.

दुसरी सूचना जास्त मोहात पाडणारी होती: लिहिण्याआधी वर्करने स्वतःच तपासावं की आपली लीज अजून शिल्लक आहे ना. आम्ही हे लिहूनही पाहिलं. त्यात दोन भोकं आहेत. एक वर आलंच. घड्याळच थांबलं असेल तर वर्कर हिशेब करतो की शेवटच्या नूतनीकरणाला जेमतेम तीन सेकंद झाली, अजून सत्तावीस बाकी आहेत. दुसरं भोक घड्याळ बरोबर असलं तरी राहतं. तपासणी झाली, उत्तर ‘लीज आहे’ आलं आणि त्यानंतर, पण लिहिण्याच्या आधी, प्रक्रिया थांबली तर? गार्बेज कलेक्शन, स्वॅप, डिस्कची अडलेली रांग, कंटेनरचा सीपीयू कोटा, कारण काहीही असू शकतं. तपासणी आणि लिहिणं यांच्यातली फट कितीही लहान केली तरी ती शून्य होत नाही, कारण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी घडतात. थेट लॉकच्या टेबलाला विचारून लिहिलं तरी तेच.

तरी ही तपासणी आम्ही काढून टाकली नाही. ती वाया जाणारं काम वाचवते. फक्त दोन दुरुस्त्या केल्या: वेळ मोजायची ती नूतनीकरणाची विनंती पाठवण्याआधीच्या क्षणापासून, उत्तर आल्यापासून नव्हे, आणि ३० ऐवजी २० सेकंदांनाच थांबायचं. तिच्यावर अचूकपणाचा भार मात्र ठेवायचा नाही.

मग अचूकपणा कुठून येणार? ज्याने झोप काढली त्याला स्वतःच्या झोपेचा पत्ता नसतो, म्हणून त्याला अडवण्याचं काम जागा असलेल्या कुणीतरी करायला हवं. इथे जागा असतो तो डेटा ठेवणारा डेटाबेस. त्याने प्रत्येक लिहिणाऱ्याला विचारायचं: तुझा क्रमांक काय? हा क्रमांक म्हणजे फेन्सिंग टोकन. लॉक एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की तो एकाने वाढतो आणि कधीही कमी होत नाही. कल्पना नवी नाही. गूगलच्या चबी या लॉक सेवेवरच्या २००६ च्या शोधनिबंधात याच कामासाठी ‘सीक्वेन्सर’ आहे. झूकीपर वापरणारे त्याच्या वाढत्या व्यवहार-क्रमांकाचा, आणि ईटीसीडी वापरणारे रिव्हिजनचा असाच उपयोग करून घेतात. उलट कुबरनेटीजच्या गो-लायब्ररीतल्या नेता-निवडीच्या कोडमध्ये वरच टिप्पणी आहे की एकाच वेळी एकच नेता काम करेल याची हमी हे कोड देत नाही. ती टिप्पणी न वाचता तेच कोड वापरणारे बरेच भेटतात. आमचं स्वतःचं कोडही त्याच जातीचं होतं.

लॉक घेण्याची क्वेरी आता अशी झाली:

```sql
UPDATE job_lease
   SET holder = $1,
       token = token + 1,
       expires_at = clock_timestamp() + interval '30 seconds'
 WHERE job = 'stock-rollup'
   AND expires_at < clock_timestamp()
RETURNING token;
```

इथे `now()` वापरायचा मोह होतो. पोस्टग्रेसमध्ये `now()` ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, आत्ताची नव्हे. ट्रान्झॅक्शन लांबलं तर लीजचा हिशेब शिळ्या वेळेवर होतो, म्हणून `clock_timestamp()`. लॉक सोडताना ओळ पुसायची नाही, फक्त `expires_at` मागे आणायचं. आधी आमचं कोड ओळ `DELETE` करायचं. तसंच राहिलं असतं तर प्रत्येक फेरीत टोकन पुन्हा १ पासून सुरू झालं असतं आणि त्याला काही अर्थच उरला नसता.

टोकन मिळणं सोपं. ते तपासायचं कुठे, यात आम्ही एकदा फसलो. पहिल्या मसुद्यात `stock_total` च्या प्रत्येक ओळीत `last_token` असा स्तंभ टाकला आणि लिहिताना अट घातली की ओळीवरचं टोकन माझ्यापेक्षा मोठं नसेल तरच लिही. हे वाचायला छान वाटतं. समजा पहिल्याकडे ४११ आहे आणि दुसऱ्याकडे ४१२. दुसऱ्याने ज्या ओळी लिहिल्या त्या सुरक्षित झाल्या. पण ज्या ओळींना त्याने अजून हात लावलेला नाही, त्यांच्यावर ४१२ ची खूणच नाही. पहिला उठून तिथे बिनदिक्कत लिहू शकतो. दुसरा नंतर त्याच ओळी लिहिणार असेल तर निभावतं. पण आमचा जॉब फक्त बदललेल्या वस्तू लिहितो, आणि पहिल्याच्या यादीत असलेली वस्तू दुसऱ्याच्या यादीत असेलच असं नाही. ओळीनिहाय कुंपण म्हणजे ज्या शेतात नवा मालक पोहोचला तेवढ्याच शेताला कुंपण.

म्हणून कुंपण एकच ठेवलं, साठ्याच्याच डेटाबेसमध्ये, प्रत्येक जॉबसाठी एक ओळ. लॉक मिळाल्यावर नव्या धारकाचं पहिलं काम, नोंदींचं एक अक्षरही वाचायच्या आधी, हे:

```sql
UPDATE job_fence SET token = $1
 WHERE job = 'stock-rollup' AND token <= $1;
```

एकही ओळ बदलली नाही तर आपल्यापेक्षा नवा कुणीतरी येऊन गेलाय, बाहेर पडायचं. अटीत `<` ऐवजी `<=` आहे ते पुन्हा प्रयत्नासाठी: नेटवर्क तुटून उत्तर आलं नाही आणि तीच क्वेरी परत पाठवली तर ती अडकू नये. एक टोकन एकाच धारकाला मिळतं, त्यामुळे यात धोका नाही.

‘वाचायच्या आधी’ हे शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचे. दुसऱ्याने आधी नोंदी वाचल्या आणि मग कुंपण वर केलं, तर त्या दोहोंच्या मधे पहिला काहीतरी लिहून जाऊ शकतो. ते लिखाण दुसऱ्याच्या वाचनात नसतं आणि कुंपणानेही अडवलेलं नसतं. कुंपण आधी, त्याचं ट्रान्झॅक्शन कमिट, आणि मग वाचनासाठी नवं ट्रान्झॅक्शन. ‘रिपीटेबल रीड’ वापरत असाल तर हे शेवटचं विशेष जपायचं, कारण तिथे पहिल्या क्वेरीला घेतलेलं चित्रच शेवटपर्यंत दिसत राहतं.

आणि प्रत्येक गठ्ठा लिहिताना:

```sql
BEGIN;
SELECT 1 FROM job_fence
 WHERE job = 'stock-rollup' AND token = $1
   FOR SHARE;
-- ओळ आली नाही तर ROLLBACK करून प्रक्रिया संपवायची
UPDATE stock_total SET ... ;
COMMIT;
```

`FOR SHARE` मुळे तपासणी आणि लिहिणं यांच्यातली ती फट बुजते. पहिल्याने कुंपणाची ओळ धरली असेल, तर दुसऱ्याचं कुंपण वर करणारं `UPDATE` पहिल्याच्या कमिटपर्यंत थांबतं. मग तो गठ्ठा दुसऱ्याच्या वाचनात येतोच. उलट दुसऱ्याने कुंपण आधी वर केलं असेल तर पहिल्याच्या `SELECT` ला ओळच मिळत नाही. तिसरी शक्यता उरत नाही. कुणीतरी हलकं म्हणून `FOR KEY SHARE` सुचवलं होतं. ते इथे चालत नाही, कारण किल्ली नसलेल्या स्तंभाच्या `UPDATE` शी त्याची टक्करच होत नाही आणि कुंपण त्याच्या डोक्यावरून निघून जातं.

पण यातून नवाच प्रश्न उभा राहिला. पहिला वर्कर `SELECT ... FOR SHARE` आणि `COMMIT` यांच्या मधेच गोठला तर? डेटाबेसच्या दृष्टीने त्याचं कनेक्शन उघडं आहे आणि ओळ त्याने धरून ठेवली आहे. लीज संपली, दुसऱ्याला लॉक मिळालं, पण कुंपण वर करायला गेला की तो लटकला. आकडे चुकत नाहीत, काम मात्र अडतं. यावर उपाय डेटाबेसकडेच आहे: या जॉबच्या वापरकर्त्यासाठी `idle_in_transaction_session_timeout` दहा सेकंद ठेवलं. मूळ सेटिंगमध्ये ते बंद असतं. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून दहा सेकंद गप्प बसलेलं कनेक्शन सर्व्हर स्वतः तोडतो आणि अर्धं काम मागे घेतो. त्या रात्रीचंच उदाहरण घेतलं तर २:१०:२१ ला गोठलेल्याचं कनेक्शन २:१०:३१ लाच तुटलं असतं. २:१०:४९ ला येणाऱ्याला कुणाची वाट पाहावी लागली नसती. ही मुदत लीजपेक्षा कमी ठेवायची, एवढं पाहायचं.

आता तीच रात्र नव्या रचनेत. दुसरा ४१२ घेऊन येतो, कुंपण ४१२ करतो, वाचतो, लिहितो, २:११:०९ ला लॉक सोडतो. चार सेकंदांनी पहिला उठतो, ४११ घेऊन चौथ्या गठ्ठ्याला जातो, ओळ मिळत नाही, तिथेच संपतो. या क्षणी लॉक कुणाकडेच नाही हे लक्षात घ्या. ‘लॉक मोकळं आहे, मग मी लिहिलं तर काय बिघडलं’ हा तर्क इथे मोडतो. लॉक मोकळं असलं तरी कुंपण ४१२ वरच असतं.

हा तर्क आमच्या जुन्या कोडमध्ये खरोखर लिहिलेला होता. नूतनीकरणाच्या थ्रेडला शून्य ओळी मिळाल्या आणि लॉक मोकळं असलं, तर तो गुपचूप ते पुन्हा घ्यायचा. त्या रात्री २:११:२० ला त्याने तेच केलं, म्हणून पहिल्याच्या लॉगमध्ये तक्रारीची एकही ओळ नव्हती. हा फाटा नव्या रचनेत राहिला असता तर टोकनची सगळी मेहनत पाण्यात गेली असती: पुन्हा घेतलेल्या लॉकसोबत ४१३ मिळालं असतं आणि जुने आकडे नव्या टोकनच्या पांघरुणाखाली आत शिरले असते. त्यामुळे टोकन आता फेरीच्या सुरुवातीला एकदाच मिळतं आणि हाताने पुढे दिलं जातं, वाचन, गणित, लिखाण सगळ्यातून. लिहिण्याआधी ‘सध्याचं टोकन काय’ असं कुठेही विचारायचं नाही. नूतनीकरण `token = $2` या अटीवरच होतं. लीज उलटून गेली असली पण टोकन तेच असलं, तर ती वाढवायला हरकत नाही, कारण मधे कुणी आलेलंच नाही. टोकन बदललं असेल तर प्रक्रिया बंद. आमची एक सामायिक लायब्ररी कुठलीही चूक आली की तीनदा पुन्हा प्रयत्न करायची, तिलाही कुंपणाचा नकार वेगळा ओळखायला शिकवावं लागलं.

चाचणी `kill -STOP` आणि `kill -CONT` ने केली. तिसऱ्या गठ्ठ्यानंतर प्रक्रिया थांबवायची, दुसऱ्याला पूर्ण फेरी करू द्यायची, मग पहिल्याला उठवायचं. पहिल्यांदा चाचणी लगेच हिरवी झाली, तेव्हाच शंका यायला हवी होती. `STOP` ने प्रक्रिया थांबते, घड्याळ थांबत नाही. उठलेला वर्कर आपल्याच २० सेकंदांच्या तपासणीत अडकून बाहेर पडत होता, कुंपणापर्यंत पोहोचतच नव्हता. व्हीएम गोठल्यावर मात्र हीच तपासणी आंधळी होते. म्हणून चाचणीपुरती ती बंद करून पुन्हा चालवली आणि नकार कुंपणाकडूनच येतोय हे पाहिलं. दुसरी चाचणी ट्रान्झॅक्शनच्या मधे थांबवण्याची. तिथे उठलेल्या वर्करला कनेक्शन तुटल्याची चूक मिळते. ती मिळाल्यावर नवं कनेक्शन जोडून तोच गठ्ठा परत पाठवला तरी कुंपण पुन्हा नकार देतं, हेही तपासलं.

लॉकचा डेटाबेस बॅकअपमधून परत आणायची वेळ आली तर टोकन मागे जाईल, ही एक जागा उघडी आहे. तेव्हा कुंपण ४१२ वर आणि नवं टोकन ३९०, म्हणजे प्रत्येक फेरी नाकारली जाईल. आकडे बिघडणार नाहीत, जॉब ठप्प होईल आणि कुणाला तरी कुंपण पाहून लॉकचा क्रमांक हाताने त्याच्या पुढे न्यावा लागेल. ही पायरी बॅकअपच्या सूचनांमध्ये लिहून ठेवली आहे. लॉक आणि डेटा एकाच डेटाबेसमध्ये असते तर लीजचीच ओळ कुंपण म्हणून वापरता आली असती आणि हा प्रश्न आलाच नसता.

राहिलं ते बाहेरचं काम. साठा ठरावीक पातळीखाली गेला की हाच जॉब पुरवठादाराच्या एपीआयला मागणी पाठवायचा. त्या एपीआयला आमचं टोकन कळत नाही आणि त्याच्या बाजूला कुंपण घालणं आमच्या हातात नाही. मागणी आता थेट जात नाही. ती गठ्ठ्याच्याच कुंपण घातलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये `order_outbox` टेबलात पडते आणि वेगळी प्रक्रिया ती उचलून पाठवते, ओळीचा क्रमांक एपीआयच्या पुनरावृत्ती-रोधक किल्लीत टाकून. पाठवणारी प्रक्रिया मधेच गोठली आणि दुसरीने तीच ओळ पुन्हा पाठवली, तरी समोरचा किल्ली ओळखतो आणि एकच मागणी धरतो. ज्या एका जुन्या पुरवठादाराच्या एपीआयमध्ये अशी किल्ली नाही, त्याच्या मागण्या अजूनही एक माणूस यादी पाहून पाठवतो.